पन्नास, पासष्ट की ऐंशी? मोठ्या मोटरच्या ऑटोट्रान्सफॉर्मर स्टार्टरचा टॅप कसा ठरवायचा

शिरपूर पट्ट्यात तापीच्या काठावर एक जॅकवेल आहे. तिथल्या पंपावर ११० किलोवॅटची, म्हणजे आपल्या भाषेत दीडशे एचपीची मोटर. पाणी वर चढतं ते केळी आणि कापसाच्या रानात. एका हंगामात तिथून फोन आला. पंप सांभाळणारे आप्पा म्हणाले, "भाऊ, मोटर अर्धामाच अडकस, मंग धाडकन उचलस." गेलो, पॅनेल उघडलं. स्टार्टरच्या आतल्या ऑटोट्रान्सफॉर्मरचे तिन्ही टॅप ५० टक्क्यांवर बसवलेले. आधी येऊन गेलेल्या कारागिरानं ते ६५ वरून खाली घेतले होते. कारण काय, तर मोटर सुरू होताना डीपीवर झटका बसतो, म्हणून "करंट कमी केला". झटका मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. मोटर फुल व्होल्टेजवर गेली की लाइट मंद व्हायचे आणि संध्याकाळी अंडरव्होल्टेज रिले ट्रिप करायचा.

टॅप खाली घेतला की करंट कमी होतो हे खरंच आहे. पण ते अर्धं गणित झालं. उरलेलं अर्धं मोटरच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं असतं आणि तिथंच नवीन माणूस फसतो. या लेखात मी त्याच मोटरचे आकडे घेऊन टॅप ठरवायची पद्धत सांगतो. तुमच्यासमोर दुसरी मोटर असेल तर आकडे बदला, रीत हीच.

आधी नेमप्लेट वाचा

वही काढा आणि मोटरच्या प्लेटवरून चार गोष्टी लिहून घ्या: किलोवॅट, व्होल्टेज, फुल लोड करंट आणि आरपीएम. आपली मोटर ११० किलोवॅट, ४१५ व्होल्ट, १९० अँपिअर, १४८५ आरपीएम. मोटर साध्या स्क्विरल केज जातीची.

आणखी दोन आकडे लागतात, ते बहुतेक वेळा प्लेटवर नसतात. कंपनीच्या डेटाशीटमध्ये मिळतात. एक, मोटर थेट फुल व्होल्टेजवर चालू केली तर ती फुल लोडच्या किती पट करंट ओढते. दुसरा, त्या वेळी ती फुल लोडच्या किती टक्के टॉर्क देते. या मोटरला करंट सहापट आणि टॉर्क १६० टक्के होता. मिळालेच नाहीत तर अंदाजानं सहा ते सात पट करंट धरतात, पण टॉर्क अंदाजानं धरू नका. दोन मोटरींचा एचपी सारखा असूनही स्टार्टिंग टॉर्कमध्ये बराच फरक असू शकतो.

म्हणजे थेट स्टार्ट केलं तर करंट ६ × १९० = ११४० अँपिअर. फुल लोड टॉर्क काढायचा तर ९५५० ला किलोवॅटनं गुणा आणि आरपीएमनं भागा. इथं तो ७०७ न्यूटन-मीटर येतो. मी पुढे सगळं टक्क्यांतच बोलणार आहे, कारण पंपाची मागणीही टक्क्यांत सांगता येते आणि तुलना सोपी पडते.

हे करताना टर्मिनल बॉक्सही उघडून बघा. ऑटोट्रान्सफॉर्मर स्टार्टरला मोटरपर्यंत तीनच वायरी लागतात, स्टार-डेल्टासारख्या सहा नाही. त्यामुळे मोटरच्या पट्ट्या कायमच्या डेल्टात हव्यात. रिवाइंडिंगहून आलेली मोटर चुकून स्टारमध्ये जोडलेली मी पाहिली आहे. तशी मोटर कुठल्याच टॅपवर धड उचलत नाही आणि माणूस दिवसभर स्टार्टरमध्ये दोष शोधत बसतो.

टॅप म्हणजे काय आणि वर्ग कुठून येतो

ऑटोट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग एकच असते. वरच्या टोकाला लाइन, खालची तिन्ही टोकं स्टारमध्ये एकत्र आणि मधून मोटरसाठी वायर काढलेली. ती जिथून काढली ती जागा म्हणजे टॅप. ६५ टक्के टॅप म्हणजे मोटरला लाइनच्या ६५ टक्के व्होल्टेज, इथं साधारण २७० व्होल्ट. बाजारात बहुतेक ५०, ६५ आणि ८० असे तीन टॅप मिळतात. काही जुन्या स्टार्टरमध्ये ६० आणि ८० असे दोनच असतात.

मोटरला ६५ टक्के व्होल्टेज मिळालं की तिचा करंटही ६५ टक्के होतो: ११४० चे ७४१ अँपिअर. पण हा मोटरच्या वायरीतला करंट. डीपीकडून येणाऱ्या केबलमध्ये तो यापेक्षाही कमी असतो, कारण ट्रान्सफॉर्मर कमी व्होल्टेजला जास्त करंट देतो आणि त्या बदल्यात लाइनकडून जास्त व्होल्टेजला कमी करंट घेतो. दोन्ही बाजूंचा व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार जवळपास सारखाच राहतो. म्हणून लाइनचा करंट ७४१ च्या पुन्हा ६५ टक्के, म्हणजे ४८२ अँपिअर. एकदा मोटरमध्ये आणि एकदा ट्रान्सफॉर्मरमध्ये, असा ६५ टक्क्यांनी दोनदा गुणाकार झाला. टॉर्क तर व्होल्टेजच्या वर्गानंच घटतो. त्यामुळे दोन्ही सूत्रं एकाच साच्याची आहेत:

```
I_line  = k² × I_DOL
T_start = k² × T_DOL
```

इथं `k` म्हणजे टॅप, ६५ टक्क्यांसाठी ०.६५, आणि `DOL` म्हणजे थेट फुल व्होल्टेजवरचा स्टार्ट. आपल्या मोटरचे तीन टॅप असे दिसतात:

५० टक्के: मोटरमध्ये ५७० अँपिअर, लाइनमध्ये २८५ अँपिअर, टॉर्क ४० टक्के.
६५ टक्के: मोटरमध्ये ७४१, लाइनमध्ये ४८२, टॉर्क ६८ टक्के.
८० टक्के: मोटरमध्ये ९१२, लाइनमध्ये ७३०, टॉर्क १०२ टक्के.

टॉर्कचे टक्के फुल लोड टॉर्कचे आहेत. लाइनच्या आकड्यात ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा मॅग्नेटायझिंग करंट थोडा वाढतो, तो धरून चाला.

"सॉफ्ट स्टार्टर असताना हे जुनं धूड कशाला?" असं विचारणाऱ्याला हेच गणित दाखवावं. सॉफ्ट स्टार्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे मोटरमध्ये जातो तोच करंट लाइनमधून येतो. हाच ६८ टक्के टॉर्क सॉफ्ट स्टार्टरकडून हवा असेल तर लाइनवर सुमारे ७४१ अँपिअर पडतात, इथं ४८२. डीपी लहान आणि लोड जरा जड असेल तर हा फरक फार मोठा असतो. स्टार-डेल्टामध्ये करंट आणि टॉर्क दोन्ही एक तृतीयांश होतात, म्हणजे तो ५८ टक्क्यांचा एकच टॅप समजा, फक्त बदलता न येणारा.

पंपाला किती जोर लागतो ते बघा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि याच भागाला लोक बगल देतात. मोटर किती देते हे वर निघालं. आता पंप किती मागतो ते बघू.

सेंट्रिफ्यूगल पंपाला जागेवरून हलायला फार जोर लागत नाही. ग्लँड पॅकिंग आणि बेअरिंगचं घर्षण तेवढं सुटायला हवं, साधारण १० ते २० टक्के. पॅकिंग फार आवळलं असेल तर जास्त. खरी मागणी पुढे, वेग वाढेल तशी वेगाच्या वर्गानं वाढत जाते. अर्ध्या वेगाला पाव, ७० टक्के वेगाला साधारण निम्मी. शेवटी ती कुठे पोचते ते डिलिव्हरी व्हॉल्व्हवर ठरतं. व्हॉल्व्ह बंद असेल तर फुल वेगालाही ४०-५० टक्क्यांवर थांबते. उघडा असेल तर १०० टक्क्यांपर्यंत जाते.

पाइपलाइन भरलेली असेल आणि एनआरव्ही चांगला असेल तर वरचं पाणी एनआरव्हीचं झाकण दाबून ठेवतं आणि बराच वेग येईपर्यंत पंप बंद व्हॉल्व्हसारखाच वागतो. पण लाइन रिकामी असेल, म्हणजे हंगामाची पहिली सुरुवात किंवा लीकेज दुरुस्तीनंतर, तर पाण्याला अडवायला काही नसतं. पंप सुरुवातीपासून भरभरून पाणी ओढतो आणि मागणी वरच्या रेषेवर जाते. त्या दिवशी आप्पांच्या जॅकवेलवर नेमकं हेच झालं होतं. व्हॉल्व्हचं स्पिंडल घासून गेलेलं, म्हणून व्हॉल्व्ह कायम उघडा. एनआरव्हीचं झाकण नीट बसत नव्हतं, त्यामुळे वीज गेली की लाइन उतरून जायची. दर वेळी रिकामी लाइन, दर वेळी उघडा व्हॉल्व्ह.

आता ५० चा टॅप या चित्रात ठेवा. या मोटरचा टॉर्क ७० टक्के वेगाच्या आसपास, फुल व्होल्टेजवर, फुल लोडच्या जवळपास दुप्पट असतो. पन्नासच्या टॅपवर त्याचा पाव भाग उरतो, म्हणजे ५० टक्के. पंपाची त्या वेगाची मागणीही ५० टक्के. देणारा आणि मागणारा बरोबरीत आले की वेग तिथंच थांबतो. कागदावर ही बरोबरी १०४० आरपीएमला होते. संध्याकाळच्या कमी व्होल्टेजला त्याही खाली. मी टॅकोमीटर लावला तेव्हा मोटर ९५० ला घुटमळत होती. आप्पांचं "अर्धामाच अडकस" अगदी शब्दशः खरं होतं.

मग टायमर संपतो आणि स्टार्टर मोटरला फुल व्होल्टेज देतो. ९५० आरपीएमला फिरणारी मोटर फुल व्होल्टेजवर थेट स्टार्टच्या जवळपासच करंट ओढते, कारण इंडक्शन मोटरचा करंट वेग बराच वाढेपर्यंत फारसा उतरत नाही. इथं तो हजार अँपिअरच्या आसपास गेला. म्हणजे बारा सेकंद २८५ च्या आत राहून शेवटी हजाराचा धक्का. वाचवलेलं सगळं तिथं गेलं. टॅप फार खाली घेण्याचा हा खरा तोटा.

डीपी किती सोसेल

ज्या संस्थेचा हा पंप आहे, तिचा स्वतःचा ३१५ केव्हीए ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या प्लेटवर इम्पीडन्सचा टक्का असतो, तो ५ धरू. ३१५ ला ०.०५ नं भागलं की ६३०० केव्हीए येतात. हा त्याच्या ताकदीचा ढोबळ आकडा. मोटरचा स्टार्टिंग केव्हीए त्याच्या जितका मोठा हिस्सा, तितकं व्होल्टेज बसतं.

थेट स्टार्टला १.७३ × ४१५ × ११४० म्हणजे जवळपास ८१९ केव्हीए. ८१९ भागिले ६३०० अधिक ८१९ केलं की ११ ते १२ टक्के. फक्त ट्रान्सफॉर्मरमध्येच एवढं व्होल्टेज जातं, वरच्या ११ केव्ही लाइनमधलं वेगळं. टॅपवर ८१९ ला पुन्हा वर्गानं कमी करायचं: ५० ला साधारण ३ टक्के, ६५ ला ५ टक्के, ८० ला ८ टक्के.

हा उतार टॉर्कमध्येही धरा. त्या जॅकवेलवर संध्याकाळी आधीच ३९५ व्होल्ट असायचे. ६५ च्या टॅपवर स्टार्ट करताना त्यातून ५ टक्के गेले की ३७५ च्या आसपास राहतात. ४१५ च्या हिशेबात ते ९०.४ टक्के आणि वर्ग केला की ८२. म्हणजे ६८ टक्के टॉर्कचे प्रत्यक्षात ५६. म्हणून स्टार्टिंगच्या वेळी मीटरवर दिसलेलं सगळ्यात कमी व्होल्टेज वहीत लिहा आणि त्याच्यावरच हिशेब करा. सकाळी व्होल्टेज चांगलं असताना ट्रायल देऊन निघून गेलात तर संध्याकाळी फोन येणारच.

निवड

आता तिन्ही टॅप पंपाच्या मागणीसमोर ठेवू. ८० चा टॅप उघड्या व्हॉल्व्हवरही मोटर वर नेईल, पण ७३० अँपिअर आणि ८ टक्के उतार आधीच लंगड्या लाइनवर नको. ६५ च्या टॅपवर उघड्या व्हॉल्व्हनं मोटर नव्वद टक्के वेगापर्यंत कुथत जाते आणि संध्याकाळी तिथंच अडकायची भीती. व्हॉल्व्ह बंद असेल तर ६५ वर आरामात. व्हॉल्व्ह बंद ठेवून ५० वरही ती वर जाते, कागदावर तरी. पण व्होल्टेज ३६० ला आलं किंवा कुणी पॅकिंग आवळलं की मोकळीक उरत नाही. व्हॉल्व्ह बंद करायला विसरणारा माणूस तर रोजचाच.

मी ६५ ठरवला आणि संस्थेला सांगितलं की आधी स्पिंडल आणि एनआरव्ही दुरुस्त करा. चेअरमन नाराज झाले. त्यांना वाटलं होतं मी पॅनेलमध्येच काहीतरी फिरवून देईन. पण दोष पाण्याच्या बाजूला असताना विजेच्या बाजूनं तो झाकायचा म्हणजे ८० चा टॅप लावून डीपी रोज बुकलायचा.

इथला निकाल सगळीकडे चालत नाही. मिक्स्ड फ्लो किंवा अॅक्सियल फ्लो पंप असेल तर व्हॉल्व्ह बंद ठेवणं उलट अंगाशी येतं, त्या पंपांना बंद व्हॉल्व्हवरच जास्त जोर लागतो. खान्देशात जिनिंग, तेलघाणी, क्रशर भरपूर आहेत. तिथं माल भरलेलं मशीन जागेवरून हलायलाच १०० टक्क्यांच्या वर जोर मागू शकतं. ८० चा टॅप १०२ देतो तेवढा तिथं पुरत नाही. मशीन रिकामं करून सुरू करा, नाहीतर स्लिप रिंग मोटरचा विचार करा.

टॅप बदलताना

मेन बंद करा, कुलूप घाला, टेस्टरनं तिन्ही फेज मेल्या आहेत याची खात्री करा. मोटरला पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर जोडलेले असतील तर ते डिस्चार्ज होऊ द्या. हे कपॅसिटर स्टार्टिंगच्या काळात जोडलेले नकोत, मोटर फुल व्होल्टेजवर गेल्यावरच त्यांचा कॉन्टॅक्टर लागला पाहिजे.

तिन्ही फेजचे टॅप एकाच आकड्यावर हलवा. हसू नका, दोन फेज ६५ वर आणि एक ५० वर राहिलेलं पॅनेल मी उघडलेलं आहे. अशी मोटर जोरात गुणगुणते आणि तिन्ही फेजचे करंट वेगळे दिसतात. लिंकचे बोल्ट पक्के आवळा आणि आधीची जागा काळवंडली असेल तर घासून साफ करा. शेकडो अँपिअर जातात तिथून, सैल बोल्ट एका हंगामात लिंक जाळतो.

मग कॉन्टॅक्टरांचा क्रम बघा, मोटरची वायर काढून, कोरडा. पॅनेलमध्ये तीन कॉन्टॅक्टर असतात. आधी स्टार कॉन्टॅक्टर लागतो, तो ट्रान्सफॉर्मरची खालची टोकं एकत्र करतो. मग लाइन कॉन्टॅक्टर लागतो आणि मोटर टॅपच्या व्होल्टेजवर फिरू लागते. टायमर संपला की आधी स्टार सुटतो. या क्षणी मोटर बंद पडत नाही. वाइंडिंगचा वरचा भाग लाइन आणि मोटरच्या मध्ये चोकसारखा राहतो आणि त्यातून तिला वीज मिळत राहते. लगेच रन कॉन्टॅक्टर लागतो आणि शेवटी लाइन कॉन्टॅक्टर सुटतो. या जोडणीला कॉर्नडॉर्फर म्हणतात. बर्लिनच्या माक्स कॉर्नडॉर्फर यांनी १९०८ मध्ये तिच्या अमेरिकन पेटंटसाठी अर्ज केला होता. आज शंभराहून जास्त वर्षांनी आपल्या पॅनेलमध्ये तीच आहे.

स्टार आणि रन हे दोन कॉन्टॅक्टर कधीही एकत्र लागता कामा नयेत. स्टार लागलेला असताना रन लागला तर वाइंडिंगचा वरचा भाग शॉर्ट होतो आणि खालच्या भागावर फुल व्होल्टेज येतं. म्हणून त्या दोघांमध्ये इलेक्ट्रिकल इंटरलॉक असतोच. मेकॅनिकलही असेल तर उत्तम. कोरड्या ट्रायलमध्ये स्टार हातानं दाबून धरून इंटरलॉक तपासा.

जुन्या पॅनेलमध्ये मोटर क्षणभर पूर्ण सुटून मग फुल व्होल्टेजला जोडली जाते. तिथं टॅप कितीही अचूक असला तरी बदलाच्या वेळी धक्का बसतो. हँडल ओढायच्या तेलातल्या स्टार्टरवर हे बऱ्याच वेळा दिसतं.

पहिला स्टार्ट आणि त्यातली मापं

दोन टाँग टेस्टर घ्या. एक डीपीकडून आलेल्या केबलवर, एक मोटरकडे जाणाऱ्या वायरीवर. दोघांवर मॅक्स होल्ड असेल तर चांगलं, नसेल तर दोन माणसं ठेवा आणि आकडे मोठ्यानं म्हणायला लावा. तिसरा माणूस व्होल्टमीटरपाशी.

दुरुस्तीनंतर, व्हॉल्व्ह बंद ठेवून आम्ही ६५ वर स्टार्ट दिला. मोटरच्या वायरीत ६७५ अँपिअर, लाइनमध्ये ४५५, व्होल्टेज उतरून ३७७. आधी काढलेल्या ७४१ आणि ४८२ पेक्षा हे कमी आहेत, कारण व्होल्टेज ४१५ नव्हतं. ७४१ ला ३७७/४१५ नं गुणा, बरोबर ६७३ येतात. लाइनचे मात्र त्याच हिशेबानं ४३८ आले असते. वरचे सतराएक अँपिअर ट्रान्सफॉर्मरच्या मॅग्नेटायझिंगचे. लाइनचा करंट भागिले मोटरचा करंट जवळपास टॅपइतका आला पाहिजे. इथं ०.६७ आला. तो ०.५ किंवा ०.८ कडे झुकला तर लिंक तुम्हाला वाटते तिथं बसलेली नाही.

आता कान आणि टॅकोमीटर. मोटर चढत असताना आवाजाचा सूर वर वर जातो, आणि वेग आला की करंट भरकन उतरतो. आमच्याकडे सातव्या सेकंदाला लाइनचा करंट १५० च्या खाली आला, म्हणून टायमर ९ सेकंदांवर ठेवला. फुल व्होल्टेजला जाताना थोडीशी उसळी आली, लाइटांनी डोळाही मिचकावला नाही.

करंट उतरण्याआधीच रन कॉन्टॅक्टर लागत असेल तर दोन शक्यता असतात. टायमर कमी आहे किंवा टॅप कमी आहे. ओळखायची रीत सोपी: टायमर दोन-तीन सेकंदांनी वाढवा आणि बदलाच्या आधीचा वेग मोजा. वेग आधीपेक्षा वाढला तर टायमरच कमी होता. वेग तेवढाच राहिला तर मोटर अडकली आहे, तिला जोर कमी पडतोय. अशा वेळी टायमर कितीही वाढवला तरी मोटर आणि ऑटोट्रान्सफॉर्मर तापण्यापलीकडे काही होत नाही. त्या जॅकवेलवर आधीच्या माणसानं टायमर बाराच्या पुढे न्यायचाही प्रयत्न केला होता म्हणे. ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा वास अजून येत होता.

हा ट्रान्सफॉर्मर सतत चालण्यासाठी बनवलेला नसतो. काही सेकंदांचं काम आणि मग विश्रांती. किती सेकंद आणि तासाला किती स्टार्ट, ते त्याच्या प्लेटवर असतं. वीज येते-जाते अशा संध्याकाळी माणूस लागोपाठ चार-पाच वेळा बटण दाबतो आणि तिथंच वाइंडिंग जळते. वाइंडिंगमध्ये थर्मोस्टॅट असेल तर तो कंट्रोल सर्किटमध्ये जोडलेला आहे ना ते बघा. कित्येक पॅनेलमध्ये त्याच्या दोन वायरी नुसत्या लोंबकळत असतात. वीज गेल्यावर पाणी मागे येऊन पंप उलटा फिरत असेल तर तो पूर्ण थांबेपर्यंत स्टार्ट देऊ नका. कॉन्टॅक्टर तुमची वाट बघत नाही, म्हणून कंट्रोलमध्ये एक वेगळा डिले टायमर टाकून घ्या. आप्पांच्या पॅनेलमध्ये आम्ही पाच मिनिटांचा टाकला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो दोनदा बायपास करून बघितला, मग मी त्याच्यावर झाकण ठोकून दोन स्क्रू मारले.

निघताना पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगानं लिहिलं: टॅप ६५, टायमर ९ सेकंद, लाइन ४५५, मोटर ६७५, व्होल्ट ३७७, व्हॉल्व्ह बंद. खाली तारीख.